साखर निम्मी केल्यावर आइस्क्रीम दगडासारखे का होते?

प्रश्न: एक लिटर आइस्क्रीमच्या बेससाठी क्रीम, दूध आणि साखर किती घ्यावी? आमच्या घरी फार गोड कोणाला आवडत नाही, म्हणून मी साखर निम्मीच घातली, तर डबा दगडासारखा गोठला आणि चमचा वाकला. फ्रीजर उणे 18 अंशांवर आहे. साखर कमी केल्याने असे होते का?

उत्तर:

होय, साखर कमी केल्यानेच असे झाले. आइस्क्रीममध्ये साखर गोडीसाठी असतेच, पण तिचे दुसरे काम त्याहून मोठे आहे: बेसमधल्या पाण्याचा काही भाग ती गोठूच देत नाही. मी फोंड्याला घरच्याच जागेत लहान यंत्रावर आइस्क्रीम करून ऑर्डरप्रमाणे देतो. साखरेच्या बाबतीत मी स्वतः केलेली चूकही पुढे सांगितली आहे.

आधी प्रमाण सांगतो. एक लिटर बेससाठी मी फुल क्रीम दूध 550 ग्रॅम, डब्यातले फ्रेश क्रीम 325 ग्रॅम, साखर 175 ग्रॅम आणि साय काढलेल्या दुधाची पावडर 40 ग्रॅम घेतो. या सगळ्याचे वजन 1,090 ग्रॅम भरते. बेस पाण्यापेक्षा जड असल्यामुळे एवढ्या वजनाचा जवळपास एक लिटर होतो. सर्व काही काट्यावर मोजावे, कारण वाटीने मोजलेल्या साखरेत दर वेळी दहा-वीस ग्रॅम इकडेतिकडे होतात आणि या पदार्थात तेवढा फरक जिभेला नाही तरी चमच्याला नक्की कळतो. इथे क्रीम म्हणजे पुठ्ठ्याच्या डब्यात मिळणारे 25 टक्के स्निग्धांशाचे क्रीम आणि दूध म्हणजे 6 टक्के स्निग्धांशाचे फुल क्रीम. आपल्याकडे 40 टक्क्यांचे घट्ट क्रीम असेल, तर ते 200 ग्रॅम आणि दूध 675 ग्रॅम घ्यावे. साखर व पावडर आहे तेवढीच ठेवावी. केकवर फेटून लावतात ते वनस्पती तेलाचे क्रीम मात्र यात धरू नये. त्यात बहुधा आधीच साखर असते, त्यामुळे सगळा हिशोब चुकतो.

या प्रमाणात स्निग्धांश साडेदहा टक्के आणि साखर सोळा टक्के येते. भारतीय अन्न मानकांनुसार ज्याला आइस्क्रीम म्हणायचे, त्यात दुधाचा स्निग्धांश किमान 10 टक्के आणि एकूण घन पदार्थ किमान 36 टक्के असावे लागतात. हा बेस दोन्ही अटी पुऱ्या करतो. पण आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगा आकडा वेगळाच आहे, तो म्हणजे पाण्याचा. दूध, क्रीम आणि पावडर यांतले मिळून या बेसमध्ये सुमारे 690 ग्रॅम पाणी आहे. आइस्क्रीम कडक होते की मऊ राहते, हे त्या पाण्यात काय आणि किती विरघळले आहे यावर मुख्यतः ठरते.

शुद्ध पाणी शून्य अंशाला गोठते आणि तापमान त्याखाली गेले की ते सगळेच्या सगळे बर्फ होते. पाण्यात साखर विरघळलेली असली की गोठणबिंदू खाली सरकतो, हे आपण शाळेत शिकलो. त्यापुढची गोष्ट सहसा सांगितली जात नाही, आणि आइस्क्रीम तर तिच्यावरच उभे आहे. बर्फाचा स्फटिक फक्त पाण्याचा बनतो, साखरेला तो आत घेत नाही, बाहेर ढकलतो. त्यामुळे थोडे पाणी गोठले की उरलेल्या पाण्यात साखरेचे प्रमाण वाढते, तो पाक अधिक दाट होतो आणि त्याचा गोठणबिंदू आणखी खाली जातो. मग आणखी थोडे पाणी गोठते, पाक आणखी दाट होतो, आणि हे असेच चालू राहते. म्हणून आइस्क्रीम अमुक एका अंशाला गोठले असे कधी होत नाही. उणे 18 ला सुद्धा त्यात बर्फाच्या बारीक कणांच्या मधोमध न गोठलेला दाट पाक असतो. आपण स्कूप घालतो तेव्हा ते कण त्या पाकामुळेच एकमेकांवरून सरकतात. पाक कमी पडला की कण एकमेकांना धरून बसतात, आणि मग चमचा वाकतो.

जुन्या लोकांनी हाताने फिरवायच्या लाकडी बादलीतले आइस्क्रीम पाहिले असेल. त्या बादलीत बर्फावर आगरातले जाडे मीठ टाकतात, तेही याच गुणासाठी. तिथे मीठ बाहेरचा बर्फ शून्याच्या खूप खाली वितळवते, आणि आत साखर बेसचे पाणी पुरते गोठू देत नाही. बादलीच्या आतबाहेर काम एकाच तत्त्वाचे आहे.

आता आपल्या डब्याचा हिशोब करू. माझ्या बेसमध्ये 175 ग्रॅम साखर आहे आणि दुधाची स्वतःची साखर, म्हणजे लॅक्टोज, सुमारे 60 ग्रॅम आहे. लॅक्टोजचा रेणू साध्या साखरेएवढाच जड असल्यामुळे गोठण्याच्या बाबतीत दोघी सारख्याच धराव्यात. दोन्ही मिळून 235 ग्रॅम होतात. याशिवाय दुधातल्या क्षारांचा थोडा परिणाम असतो. हे सगळे धरले, तर हा बेस उणे अडीच अंशांच्या आसपास गोठायला सुरुवात करतो. आपण साखर 87 ग्रॅम घेतली असे धरले, तर लॅक्टोज आणि क्षार तेवढेच राहून गोठण्याची सुरुवात उणे 1.6 अंशांवर होते. हा फरक एका अंशाचाही नाही आणि तो वाचून कोणीही म्हणेल की त्याने काय होणार.

पण याच फरकाचा पुढे गुणाकार होत जातो. ढोबळ हिशोबाची एक सोपी पद्धत आहे. गोठण्याच्या सुरुवातीच्या अंशाला सध्याच्या अंशाने भागले, की न गोठलेल्या पाण्याचा हिस्सा मिळतो. माझ्या बेससाठी उणे 5 अंशांना हे उत्तर निम्मे येते, म्हणजे यंत्रातून मऊसर आइस्क्रीम बाहेर काढतो तेव्हा अर्धेच पाणी गोठलेले असते. उणे 18 ला 2.5 भागिले 18 म्हणजे सुमारे 14 टक्के येतात, म्हणजे 690 ग्रॅम पाण्यातले जवळपास 95 ग्रॅम पाणी द्रवच राहते. आपल्या डब्यासाठी 1.6 भागिले 18 म्हणजे 9 टक्के, फक्त 60 ग्रॅमच्या घरात. प्रत्यक्षात दाट पाक या साध्या भागाकारापेक्षा थोडे जास्तच पाणी धरून ठेवतो, त्यामुळे दोन्ही आकडे काहीसे वर जातील. पण दोघांतली तफावत राहतेच. बर्फाचे कण सरकवणारा पाक आपल्या डब्यात एक तृतीयांशाहून अधिक कमी झाला आणि तेवढाच बर्फ वाढला.

हाच हिशोब उलटा करून पाहिला, तर माझे आइस्क्रीम उणे 18 ला जेवढे मऊ असते, तेवढे आपले उणे साडेअकरा अंशांना होईल. म्हणून फ्रीजरचे तापमान उणे 12 वर आणून ठेवावे असे कोणी सुचवील, पण तसे करू नये. घरगुती फ्रीजरचे दार दिवसातून किती वेळा उघडते ते पाहावे. त्यातच मे महिन्यात वीज गेली, की दोन-तीन तासांत डब्याच्या कडा वितळतात. वितळून पुन्हा गोठलेल्या पाण्याचे स्फटिक मोठे होतात आणि मग ते दाताखाली वाळूसारखे कचकचतात. साठवण उणे 18 लाच ठेवावी आणि वाढण्याआधी डबा दहा-पंधरा मिनिटे फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवावा.

डबा कडक होण्यामागे साखर आहे की आणखी काही, हे ओळखण्याची एक खूण सांगतो. साखर कमी असलेले आइस्क्रीम बाहेर ठेवले, तर बराच वेळ कडकच राहते, त्यात चमचा घातला तर खरवडल्यासारखा चुरा निघतो, आणि मग कडा एकदम पाणचट होऊन वितळतात. मधली मऊ, लवचिक अवस्था येतच नाही किंवा दोन मिनिटांत निघून जाते. साखर बरोबर असून हवा कमी भरलेली असेल, तर ते सुरुवातीला घट्ट लागते, पण दहा मिनिटांत सगळीकडून सारखे मऊ होते. हवेचा मुद्दा घरी विसरू नये. कारखान्यात एक लिटर बेसपासून जवळजवळ दोन लिटर आइस्क्रीम होते, निम्मी जागा हवेचीच असते. घरच्या लहान यंत्रात सव्वा लिटर झाले तरी पुष्कळ. त्यामुळे विकतच्याइतके मऊ घरचे कधीच होणार नाही आणि ते तसे व्हावे म्हणून साखर वाढवत बसू नये. साखर वीस टक्क्यांच्या आसपास गेली, की उलटे दुखणे सुरू होते: डबा रात्रभर ठेवूनही नीट धरत नाही, आणि आपल्या हवेत तर वाटीत वाढेपर्यंतच पाघळतो.

साखर कमी केली तर क्रीम वाढवून भरपाई होईल, असे मला अनेकांनी सांगितले आहे. ते खरे नाही. स्निग्धांश पाण्यात विरघळत नाही, म्हणून तो गोठणबिंदू हलवत नाही. शिवाय उणे 18 ला तो स्वतःच लोण्यासारखा घट्ट असतो. त्याने आइस्क्रीम जिभेवर रेशमी लागते, पण चमच्याला मऊ लागत नाही. जीएमएस आणि सीएमसी या बाजारात मिळणाऱ्या पावडरींचेही तेच. बर्फाचे कण बारीक ठेवायला त्या चांगल्या आहेत, पण साखरेचे काम त्या करीत नाहीत.

आता माझी चूक. काही वर्षांपूर्वी म्हार्दोळच्या एका घरी बारशासाठी मानकुराद आंब्याच्या आइस्क्रीमची ऑर्डर होती. आंबे असे गोड होते, की रस चाखल्यावर मी ठरवले, साखर 175 घालण्याची काही गरज नाही, 110 पुरे. एक लिटर बेसमागे 250 ग्रॅम रस घातला. चाखून पाहिले तर चव अगदी हवी तशी होती, म्हणून निश्चिंत झालो. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या अंगणात स्टीलचे डबे उघडले आणि स्कूप आत जाईना. घरातल्या एका आजींनी आतून विळी आणली आणि म्हणाल्या, "काप आता, फणस कापतात तसा!" सगळे हसले, मीही हसलो, पण वाढायला अर्धा तास उशीर झाला आणि वाटीत पडले ते आइस्क्रीम नव्हतेच, गोड बर्फाचे खडे होते.

घरी येऊन कागद घेऊन बसलो, तेव्हा चूक दिसली. पिकलेल्या आंब्याच्या रसात साधारण 15 ते 18 टक्के साखर असते आणि उरलेले बहुतेक पाणीच असते. म्हणजे 250 ग्रॅम रसाने मला 40 ग्रॅम साखर दिली खरी, पण तिच्यासोबत 200 ग्रॅमहून अधिक पाणीही दिले. माझ्या मूळ बेसमध्ये वरून घातलेली साखर दर 100 ग्रॅम पाण्यामागे 25 ग्रॅम पडते, आणि रसात तीच 20 पडते. जिभेला गोड लागणारा आंबा गोठण्याच्या हिशोबात माझा बेस पातळच करीत होता. त्यात मी मूळ साखरही कमी केली, त्यामुळे शेवटी 100 ग्रॅम पाण्यामागे जेमतेम 17 ग्रॅम उरली. तेव्हापासून रस घालायचा असेल, तर मी साखर कमी करीत नाही. उलट 250 ग्रॅम रसामागे 10-15 ग्रॅम वाढवतो आणि रस जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर थोडा आटवून घेतो. फार गोड वाटले, तर लिंबाचा थोडा रस किंवा चिमूटभर मीठ घालून चव सावरता येते. चव घेतानाही एक सावधगिरी बाळगावी: गोठवलेला पदार्थ जिभेला कमी गोड लागतो, म्हणून पातळ बेस थोडा जास्त गोड वाटला तरच तो बरोबर आहे.

राहिला आपला मूळ हेतू, म्हणजे गोडी कमी करणे. यासाठी साखरेचे वजन घटवण्यापेक्षा साखरेची जात बदलावी. गोठणबिंदू किती खाली जातो हे विरघळलेल्या रेणूंच्या संख्येवर ठरते, त्यांच्या गोडीवर नाही. ग्लुकोजचा रेणू साखरेच्या रेणूच्या जवळजवळ निम्म्या वजनाचा असतो, म्हणून तेवढ्याच वजनात रेणू अधिक येतात. औषधाच्या दुकानात मिळणारी साधी ग्लुकोज पावडर, जिला डेक्स्ट्रोज म्हणतात, ती गोठण्याच्या कामात साखरेच्या सुमारे पावणेदोन पट भारी आहे आणि गोडीत मात्र दोन तृतीयांशाच्या आसपासच. त्यामुळे वर दिलेल्या बेसमध्ये साखर 115 ग्रॅम आणि ग्लुकोज पावडर 35 ग्रॅम घ्यावी, कमी झालेले वजन भरून काढण्यासाठी दूध 565 आणि दुधाची पावडर 50 ग्रॅम करावी, क्रीम तेवढेच ठेवावे. हे आइस्क्रीम 175 ग्रॅम साखरेच्या आइस्क्रीमइतकेच मऊ राहते आणि गोडी साधारण एक पंचमांशाने कमी होते. दुधाची पावडर याहून वाढवू नये, कारण लॅक्टोज फार झाले की काही दिवसांत त्याचेच कण बनतात आणि आइस्क्रीम रवाळ लागते. घरात कोणाला मधुमेह असेल, तर हा उपाय त्यांच्यासाठी नाही. ग्लुकोज रक्तात साखरेपेक्षाही लवकर चढते. आणि स्टिव्हियासारखे पदार्थ चिमूटभर घालून गोडी येते, पण ते वजनाला काहीच नसल्यामुळे डबा दगडच होणार.

पावडरऐवजी लिक्विड ग्लुकोज आणू नये, ही गफलत फार जण करतात. केकच्या सामानाच्या दुकानात मिळणारे ते दाट, चिकट द्रव्य नावाने ग्लुकोज असले, तरी त्यात मोठमोठ्या रेणूंच्या साखळ्या असतात, त्यामुळे गोठणबिंदू खाली आणण्यात ते साध्या साखरेपेक्षाही कमी पडते. आइस्क्रीमला चिवटपणा आणि अंग यायला ते उपयोगी आहे, मऊपणासाठी नाही.

गोव्यात आहोत म्हणून एक जास्तीची गोष्ट सांगतो. मद्यार्काचा रेणू साखरेच्या सातव्या हिश्शाएवढा हलका असतो. काजू फेणीच्या 30 मिलिलिटरमध्ये सुमारे 10 ग्रॅम मद्यार्क असतो आणि तो गोठण्याच्या हिशोबात 75 ग्रॅम साखरेची बरोबरी करतो. म्हणजे आपल्या निम्म्या साखरेच्या बेसमध्ये यंत्र सुरू असताना शेवटी 30 मिलिलिटर फेणी घातली असती, तर चमचा बहुधा वाकला नसता. नारळाच्या आइस्क्रीमला ती चालते. व्हॅनिलात मात्र तिचा वास सगळ्यावर स्वार होतो, आणि पूर्ण साखरेच्या बेसमध्ये 60 मिलिलिटर घातली, तर डबा कधी धरतच नाही. मुलांसाठी करायचे असेल, तर हा मार्ग अर्थातच सोडावा.

आपला गोठलेला डबा टाकून देऊ नये. तो रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात वितळू द्यावा. मग पातेल्यात ओतून त्यात 40 ग्रॅम साखर आणि 25 ग्रॅम ग्लुकोज पावडर घालावी, ढवळत 80 अंशांपर्यंत तापवावे आणि उकळी येण्याआधी खाली उतरवावे. पातेले थंड पाण्याच्या परातीत ठेवून लगेच निववावे, फ्रीजमध्ये किमान चार तास ठेवावे आणि पुन्हा यंत्रात फिरवावे. यंत्र नसेल, तर उथळ स्टीलच्या डब्यात गोठवताना दर अर्ध्या तासाने चार-पाच वेळा कडेचा बर्फ मध्ये ओढून जोरात फेटावे. साखर घालण्यापूर्वी थोडा बेस एका वाटीत बाजूला काढून तसाच गोठवला, तर दुसऱ्या दिवशी दोन्हींत चमचा घालून फरक पाहता येईल.